सुदाम-भागिनाथ, एक कोयता

भागा, तुझा दहावा होऊन चार दिवस झाले. त्या दिवशी तुझ्याबद्दल काय काय बोलले ते तू ऐकलं असतंस तर हसून हसून तुला ठसका लागला असता. प्रवचन संपलं आणि श्रद्धांजली वाहायला एकेक जण माइकपुढे उभा राहू लागला. सरपंच म्हणाले, "भागिनाथ म्हंजी चारित्र्याचा मानूस. उभ्या जन्मात परक्या बाईकडं मान वर करून पाह्यलं न्हाई." माणसांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं संयमी, कुणी म्हणालं देवमाणूस. मग "त्यांचे जिवलग मित्र" म्हणून माझं नाव पुकारलं गेलं. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि तेच म्हणालो. संयमी माणूस होता.

खोटं कुणीच बोलत नव्हतं, याचीच मला चीड आली. तू खरंच कधी परक्या बाईकडे पाहिलं नाहीस. पण पाहावंसं वाटून डोळे आवरले असते, तर त्याला संयम म्हणायचा. तू आवरत होतास ते वेगळंच होतं, आणि ते त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. बायकांच्या घोळक्यात तुझी बायको, कौसल्यावहिनी, खाली मान घालून बसल्या होत्या. सरपंचांचं ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही.

आज दुपारी वहिनी माझ्या आरोग्य उपकेंद्रावर आल्या होत्या. म्हणून हे लिहायला बसलोय. काय झालं ते सांगतो, पण आधी आपलं दोघांचं बोलून घेऊ. जिवंतपणी ते कधी धड बोललोच नाही. भांडलो मात्र भरपूर.

नव्वदची दिवाळी झाली आणि टोळी ऊसतोडीला निघाली. मी बारावी सायन्स होऊन आरोग्य खात्याच्या ऑर्डरची वाट बघत घरी माशा मारत होतो. तू तेवीस वर्षांचा, मी बावीसचा. तुझं लग्न नाही, माझं नाही. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा, आणि अर्धा कोयता कुणालाच नको असतो. म्हणून त्यानं तिसगावच्या स्टँडवर ट्रकच्या फाळक्याला टेकून आपल्या दोघांना जोडून टाकलं. "सुदाम-भागिनाथ, एक कोयता. कोपी एकच मिळंल." झालं.

तू उसाला हात घातलास की सपासप वाट मोकळी व्हायची. माझ्या तळहाताला दुसऱ्या दिवशीच फोड आले. मग जोड्यांत बाईच्या वाट्याला येणारं काम माझ्याकडे आलं. तू तोडायचास, मी मागून मोळ्या बांधायचो. भाकरी मी थापायचो, आणि ती तव्यावर नगर जिल्ह्याच्या नकाशासारखी दिसायची. टोळीतल्या बायका मला "भागिनाथाची बायकू" म्हणायच्या. त्या हसायच्या, तू हसायचास, मीही हसायचो. तो विनोद सगळ्यांनी उलट्या टोकानं धरला होता, हे तेव्हा मलाही कळलं नाही. मोळ्या कोण बांधतो आणि तोडतो कोण, यावरून कुणाचं मन कळत असतं तर जग फार सोपं झालं असतं.

पहिल्याच हंगामात, जानेवारीत, कारखान्याची मशीन बिघडली आणि दोन दिवस तोड बंद राहिली. सगळी टोळी बाजाराला गेली. भर दुपारी आपण दोघंच आपल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत होतो. जे झालं ते झालं. जबरदस्ती नव्हती, दारू नव्हती. तू विचारलंस, मी नाही म्हणालो नाही. पुढे तिन्ही हंगामांत ते होत राहिलं, आणि गावाकडे आलो की आपण त्यातलं अक्षरही काढत नसू.

आज खरं सांगतो. माझे डोळे मिटलेले असायचे. आत वेगळीच माणसं असायची, कधी शाळेतली एखादी, कधी शेजारच्या टोळीतली कुणीतरी. तुझ्या अंगाची ऊब होती, माया होती, वय होतं आणि दुसरं कुणी नव्हतं. तुझे डोळे मात्र उघडे असायचे. एकदा मी मध्येच पाहिलं तर तू माझ्याकडे असा बघत होतास की मी घाबरून पुन्हा डोळे मिटले. मी तुझ्या जागी कुणालाही बसवू शकत होतो. तुला माझ्या जागी दुसरं कुणीच नको होतं.

मिटलेले आणि उघडे, हे दोन्ही डोळे एकाच कोपीत, एकाच वेळी होते. काम एक, आणि माणसं दोन तऱ्हेची. आपण दोघांनीही एकमेकाला स्वतःच्या मापानं मोजलं. तुला वाटलं, सुदाम हे करतो म्हणजे सुदाम माझ्यासारखा आहे. मला वाटलं, हे माझं दिवसापुरतं आहे म्हणजे भागाचंही दिवसापुरतंच असणार.

तिसऱ्या हंगामाचा पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, आणि घरी आलो तर माझी ऑर्डर येऊन पडलेली. महिन्याभरात मंदाचं स्थळ आलं. तुला सांगायला आलो तेव्हा तू बैलांना पाणी दाखवत होतास.

"म्हंजी पुढच्या साली आपला कोयता न्हाई?"

"आरं, नोकरी लागली मला. लगीन हाय."

"मग ते काय हुतं, सुद्या?"

"ते दिवस हुते. गेले. लगीन झालं का सुटतं सगळं. तूबी करून टाक."

 बैलांचं पाणी पिऊन झालं तरी तू दावं धरून उभाच राहिलास. त्या उभं राहण्याचा अर्थ मी काय काढला असेल? की गडी लग्नाला तयार आहे. खरंच. वर मीच शेवगावकडचं स्थळ शोधलं. कौसल्यावहिनींच्या वडिलांपुढे मांडी घालून सांगितलं, पोरगं निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे, डोळ्यांत डोळे घालून बोलणारं आहे. यातला शब्द न् शब्द खरा होता. मधला एक मी गाळला, कारण माझ्या लेखी तो संपलेला होता.

माझं खरंच सुटलं, भागा. सुटलं म्हणजे मुळात लागलंच नव्हतं. मंदा घरात आली आणि मला दुसरं काही आठवेना. मी स्वतःला कडक तपासून पाहिलं, कारण भीती होतीच. तालमीत गेलो, नदीवर गेलो, गर्दीत हिंडलो. कुण्या पुरुषाकडे बघून मन जागचं हललं नाही. म्हणून माझी खात्रीच पटली की औषध लागू पडतंय. एकाचा ताप उतरला म्हणून तीच गोळी न तपासता दुसऱ्याला देणारा आरोग्य सेवक मी. खात्यानं मला कसा घेतला देव जाणे.

तुला मुलगी झाली, मग मुलगा झाला. गावाला पुरावा मिळाला. मलाही.

सत्त्याण्णवात नगरला आमचं एड्सचं प्रशिक्षण झालं. शिकवायला एक डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, अगदी रोखठोक. त्यांनी फळ्यावर तीन रकाने आखले. माणसाचं मन कुणाकडे ओढ घेतं, तो पहिला. शरीरानं तो कुणाबरोबर काय करतो, तो दुसरा. आणि तो स्वतःला काय म्हणवतो, तो तिसरा. म्हणाल्या, हे तीन रकाने एका ओळीत येतात असं तुम्ही धरून चालता आणि तिथेच फसता.

वर्गात खसखस पिकली. आमच्यातल्या एकानं विचारलं, "मग बाई, तसला माणूस ओळखायचा कसा?"

"ओळखायचाच कशाला? आजार कृतीतून पसरतो, ओढीतून नाही. एखाद्या ट्रकवाल्याला विचाराल, तू पुरुषांकडला का, तर तो नाही म्हणेल, आणि ते खरं असेल. त्याचा जीव बायकोतच असेल. पण वाटेत त्यानं पुरुषाबरोबर केलेलं असू शकतं. म्हणून तुम्ही कोण ते विचारू नका. काय केलं ते विचारा, तेही चारचौघांत नाही."

मग त्यांनी एकेक करून सांगितलं. तुरुंगात, होस्टेलात, महिनोन्महिने घराबाहेर राहणाऱ्यांत कितीतरी पुरुष पुरुषाबरोबर राहतात, आणि बाहेर आले की त्यांच्या मनाची ओढ पहिल्यापासून होती तिथेच असते. कुणी पोटासाठी करतो, कुणावर जबरदस्ती होते, तिथे तर ओढीचा प्रश्नच नाही. आणि उलटंही असतं. एखाद्यानं जन्मात पुरुषाला हात लावलेला नसतो, लग्न केलेलं असतं, मुलं असतात, पण मन कायम पुरुषाकडेच. काहींचं दोन्हीकडे असतं. ज्यानं कधी कुणालाच हात लावला नाही, त्या ब्रह्मचाऱ्यालाही ओढ असतेच, बाईची किंवा पुरुषाची. लग्नानं माणसाचं वागणं बदलतं, त्या म्हणाल्या. ओढ बदलत नाही. आणि हा काही रोग नव्हे, तेव्हा औषध शोधू नका.

माझ्या वहीत ते तीन रकाने अजून आहेत. पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत तुझं, आणि लगेच खोडलं. शेजारचा बघेल म्हणून.

वर्गात समजलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. कारण परत आल्यावर मी काय केलं, तर निरोधची पाकिटं पिशवीत घालून तुझ्या वस्तीवर आलो. तू बांधावर बसला होतास. मी आपला गंभीर चेहरा करून आजार, तपासणी, काळजी असं सुरू केलं.

"कुनासाठी रं हे?" तू पाकीट उलटंपालटं करत विचारलंस.

"तुला कुठं... कधी गरज पडली तर."

तू इतका हसलास की पलीकडच्या रानातला माणूस बघायला लागला. "तुझ्याबिगर मी आजपोतर कुनाला हात लावला न्हाई, सुद्या. लगीन झाल्यापून तर तिच्याबिगर कुनालाच न्हाई. तुझ्या फारमात मी लई सवळा मानूस हाय."

"मग झालं की. सुटलं म्हन की."

तेव्हा तुझं हसू गेलं. "उपास धरला म्हंजी भूक सुटली व्हय? केलं न्हाई म्हनून मी न्हाई, आसं आसतं व्हय? रस्त्यानं एखादा गडी गेला का काळजात कालवतं. मी मान खाली घालतो. सहा महिनं न्हाई, साल न्हाई, रोज. आन घरात तिच्याजवळ जातो तवा..." तू पाकीट मुठीत आवळलंस. "आता माझं डोळं मिटल्यालं आसत्यात."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आरं पन मीबी केलंच ना तवा. मला कुठं काय हुतं?"

"तुला न्हाईच हुनार. भात्तरच्या दुस्काळात समद्यांनी मिलो खाल्ला. ती लाल ज्वारी कुनाला आवडत हुती का? भूक हुती, दुसरं काय नव्हतं, खाल्ली. सुगी आली तशी सोडली." तू पाकीट माझ्या पिशवीत परत ठेवलंस. "तू मिलो खाल्लास, सुद्या. मी जेवलो."

मला हे वाक्य सोडत नाही. हिवतापाच्या तपासणीला रक्ताची काच घेताना, रजिस्टर भरताना, कुठेही ते मागून येतं. परवा मोहट्याच्या रस्त्याला पाठमोरा एक माणूस दिसला, खांद्यावर टॉवेल, तुझ्यासारखाच एका बाजूला झुकून चालणारा. मी सायकल जोरात मारली. जवळ गेल्यावर तो वळला आणि राम राम म्हणाला. मी त्याला उगाच ताप आहे का म्हणून विचारलं आणि त्याच्या बोटाचं रक्त घेतलं. दुसरं काय करणार होतो? मंदा म्हणते, तुम्ही बोलताबोलता दाराकडे का बघता. तिला मी सांगितलेलं नाही. तू दारात आहेस असं नाही वाटत मला. तू बांधावर बसलायस आणि मी अजून खरं उत्तर दिलेलं नाही, असं वाटतं.

कारण त्याच बांधावर तू मला एक विचारलं होतंस. "तिला सांगू का? ती लई कष्टी आसती. तिला वाटतं तिचंच काय चुकतंय."

आणि मी म्हणालो, "येडा हायस का? पोरांकडं बघ. गावात तोंड दाखवायला जागा राहील का? गप ऱ्हा."

तू गप्प राहिलास. माझं तू नेहमी ऐकायचास, तेच वाईट. आता स्वतःशी खरं बोलतो, भागा. मला पोरांची काळजी नव्हती, माझी होती. तुझं नाव निघालं असतं की कोपी निघाली असती, आणि कोपी निघाली की भागिनाथाची बायकू निघाली असती. मी तसा नाही, हे मी कुणाला पटवलं असतं? जो केल्यावरून माणूस ठरवू नका म्हणून शिकून आला, तोच केल्याला भ्यायला. तू दोन वर्षं ते ओझं घेऊन हिंडलास आणि मग शेवगावच्या बाजाराला म्हणून जीपमध्ये बसलास, आणि ती जीप कुठे पोचलीच नाही.

तुला आणखी एक सांगायचं होतं. मी तुझ्यासारखा नव्हतो, पण त्या तीन हंगामांत मी तुला फसवत नव्हतो. फोड आलेल्या माझ्या हाताला तू रोज तेल लावायचास, ते मला आवडायचं. तसं जपणारं माणूस मला पुन्हा भेटलं ते एकदम मंदाच्या रूपानं. प्रेम होतं रे माझं तुझ्यावर, फक्त तुला हवं होतं त्या जातीचं नव्हतं. हे दोन शब्द बोलायला मला कोणी अडवलं होतं?

आता आज दुपारचं.

उपकेंद्रात कुणी नव्हतं. वहिनी आल्या, बाकावर बसल्या. पोरांना आजीकडे ठेवून आल्या होत्या. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"भावजी, स्थळ तुमी आनलं हुतं. म्हनून तुमालाच इचारते. त्यांनी मला कंदी मारलं न्हाई, कंदी वंगाळ बोलले न्हाईत. दुसरी बाईबी नव्हती. तरी माझ्याजवळ यायचे ते कुनी धाडल्यावानी यायचे. माझ्यात काय कमी हुतं?"

मला गप्प बसता आलं असतं. माणूस गेला, आता कशाला, असं म्हणून सगळी गावं असंच मिटवतात. पण तू माझ्यामागे उभा होतास, सांग आता सुद्या म्हणत. मी तुझं गुपित फोडलं. रागवायचं असेल तर रागव.

"वहिनी, तुमच्यात काही कमी नव्हतं. भागाचं मन बाईकडं नव्हतंच. जन्मापासूनच म्हना. गड्याकडं हुतं."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मंग ते कुनाकडं जात हुते?"

"कुनाकडंच न्हाई. लगीन झाल्यावर तुमच्याबिगर कुनाला हात लावला न्हाई त्यानं. मन आसनं आन करनं, ह्या दोन गोष्टी हायेत. त्यानं केलं न्हाई, तरी तो तसाच हुता. तुमच्या जागी रंभा आसती तरी त्याचं तसंच झालं आसतं."

"तुमाला कसं ठावं?"

भागा, इथे मी उठून दार लोटून घेतलं. मग सांगितलं. कोपीचं, तीन हंगामांचं, सगळं. "मी केलं, वहिनी, पन मी तसा न्हाई. तो तसा हुता, तरी लगीन झाल्यावर त्यानं केलं न्हाई. मला वाटलं माझं सुटलं तसं त्याचं सुटंल, म्हनून स्थळ आनलं. तो तुमाला सांगनार हुता. मी अडवला."

मला वाटलं त्या ओरडतील, शिव्या देतील.  त्या अगदी हळू आवाजात, मोजूनमापून बोलल्या.

"मला वाटायचं माझ्या अंगाला घान येती. त्यांना येती, मला कळत न्हाई. सहा सालं झाली, मी दिवसातून दोनदा दगडानं अंग घासती. गेल्या साली तुमच्याकडून खाजंचा साबन नेला हुता, आठवतंय का? मला खाज नव्हती."

त्या उठून गेल्या. 

आठवतंय, भागा. मीच कपाट उघडून दोन वड्या काढून दिल्या होत्या. आणि वर म्हणालो होतो, फरक नाही पडला तर पुन्हा या.